शॉर्ट सर्किटची आग आणि घराचा विमा: माझा अनुभव

ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एसीत शॉर्ट सर्किट होऊन बेडरूम जळाली. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवलं आणि सर्व्हेअर येईपर्यंत जळका एसी, वितळलेला स्विचबोर्ड कुणालाही हलवू दिला नाही, कारण आग कुठून लागली ते त्यावरूनच ठरतं. अग्निशमन दलाचा दाखला, पंचनामा, बिलं आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक दिलं. कपाटाचं बिल नव्हतं, तिथे जुने फोटो चालले.

सर्व्हेअरने एसी वगळला. भारत गृह रक्षा पॉलिसीत शॉर्ट सर्किट झालेलं उपकरण भरपाईत धरत नाहीत, त्यातून पसरलेल्या आगीचं नुकसान मात्र धरतात. अहवाल रखडल्यावर कंपनीला नियमच लिहून पाठवला: सर्व्हेअरचा अहवाल १५ दिवसांत, त्यानंतर कंपनीचा निर्णय ७ दिवसांत. त्यानंतर पैसे जमा झाले.