बुटांना मेण फक्त शिवणीला

पावसाळी ट्रेकआधी चामडी बुटांना सगळीकडे मेण चोपडलं, की बाहेरचं पाणी अडतं. पण घामही आतच कोंडतो आणि मोजे तरीही ओलेच.

1. लेस काढून चिखल ब्रश व पाण्याने धुवा.
2. चामडं दमट असतानाच पाण्यावर आधारित वॉटरप्रूफ स्प्रे मारा. दोन मिनिटांनी जादाचा फडक्याने टिपा, नाहीतर पांढरे डाग राहतात.
3. सावलीत पूर्ण वाळल्यावर तांदळाच्या दाण्याएवढं मेण बोटाने फक्त शिवणीत आणि सोल जोडलेल्या कडेला चोळा.

चवड्याच्या घडीवर चामडं कडक वाटलं, तर स्प्रेआधी तिथे कंडिशनरचा पातळ हात द्या. पाण्याचा थेंब गोळा न होता मुरून काळा डाग पडला, की पुन्हा स्प्रे.

मेण मुरावं म्हणून हेअर ड्रायर किंवा चूल नको. सोलचा गोंद सुटतो.