टीव्हीमागची एचडीएमआय केबल: या चुका टाळा

भिंतीला चिकटून बसणाऱ्या स्थिर ब्रॅकेटवर टीव्ही लावल्यावर मागे बहुधा २० ते ३० मिलीमीटरच जागा उरते, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते. सरळ डोक्याच्या साध्या केबलच्या प्लगचे अंगच ३५ ते ४० मिलीमीटर लांब असते. शिवाय केबल तिच्या जाडीच्या निदान पाचपटीच्या त्रिज्येत वळावी असे धरले, तर ४ मिलीमीटर जाडीच्या केबललाही आणखी २० मिलीमीटर लागतात. म्हणजेच पोर्ट भिंतीकडे तोंड करून असेल, तर त्याच्या तोंडापासून भिंतीपर्यंत सुमारे ६० मिलीमीटर हवेत. केबल घेण्यापूर्वी हे अंतर पट्टीने मोजावे. नुसत्या अंदाजावर टीव्ही दाबून बसवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

अशा दाबाने केबल लगेच बंद पडत नाही, त्यामुळे दोष ओळखणे अवघड जाते. उदाहरणार्थ, २५ मिलीमीटरच्या फटीत जाड केबल मानेपाशी काटकोनात मोडली आहे असे समजा. मेनू स्वच्छ दिसतो, १०८०पी चित्रही चालते. मात्र ४के, ६० हर्ट्झ आणि एचडीआर सुरू करताच पडदा मधूनच दोन सेकंद काळा होतो किंवा चित्रात पांढरे ठिपके चमकतात. सेट-टॉप बॉक्सचे आउटपुट १०८०पीवर आणून पाहावे. त्रास थांबला, तर संशय केबलवर घ्यावा. मग टीव्ही ब्रॅकेटवरून उतरवून तीच केबल सैल ठेवून पुन्हा ४के लावावे. आता चित्र स्थिर राहिले तर दोष वळणाचा, नाही तर केबल कमी क्षमतेची किंवा आतून तुटलेली असण्याची शक्यता जास्त.

यावर उपाय म्हणजे काटकोनी डोक्याची बारीक, लवचिक केबल. मात्र वळणाची दिशा चुकली, तर केबल खाली जाण्याऐवजी वर निघते. ९० आणि २७० अंश ही नावे उत्पादकागणिक बदलतात, म्हणून नावावर विसंबू नये: पोर्टची रुंद बाजू वर आहे की खाली हे पाहून विक्रेत्याच्या चित्राशी ताडावे. पोर्ट टीव्हीच्या कडेला असेल, तर डावीकडे किंवा उजवीकडे वळणारे डोके लागते. वेगळा काटकोनी अडॅप्टर मी शक्यतो टाळतो, कारण प्रत्येक जास्तीचा जोड सिग्नल थोडा कमी करतो आणि त्याचे वजनही पोर्टवरच लटकते.

बारीक केबलीत तार बारीक, म्हणून ती आखूडच घ्यावी. ४केसाठी दोन मीटरच्या आत राहिलेले बरे. पण अगदी मापाचीही नको. टीव्ही पुढे झुकवून हात घालता यावा इतकी, म्हणजे साधारण १५ सेंटीमीटर, ढील ठेवावी. ही ढील प्लास्टिकच्या टायने करकचून न आवळता व्हेल्क्रोच्या पट्टीने सैल बांधावी.