रील दोन तासांत डिलीट करताय? पहिल्या छोट्या प्रेक्षकगटासमोर होणाऱ्या या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यात अमळनेरहून आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी मावसबहीण, खान्देशी स्वयंपाकाच्या रील करते. "अगं, वांग्याच्या भरताची रील टाकली तर दोन तासांत सत्तरच लोकांनी पाहिली. डिलीट करून परत टाकली, तर आता चाळीसच! माझं अकाउंट दाबलंय का कोणी?"

अकाउंट कोणी दाबलं नव्हतं. रीलची परीक्षा चालू होती आणि आक्काने पेपर मध्येच काढून घेतला होता.

इन्स्टाग्रामने एप्रिल २०२४ मध्ये ही पद्धत स्वतःच सांगितली होती. नवी रील आधी एका छोट्या गटाला दाखवली जाते. हा विषय ज्यांना आवडेल असा अंदाज आहे अशी माणसं त्यात निवडली जातात, मग ती तुम्हाला फॉलो करोत वा न करोत. त्यांचा प्रतिसाद चांगला आला की रील थोड्या मोठ्या गटाकडे जाते, तिथे चालली की त्याहून मोठ्या. पहिला गट किती जणांचा, हा आकडा कंपनी जाहीर करत नाही. त्यामुळे 'पहिल्या दोनशेत पास झालं पाहिजे' असं कोणी छातीठोक सांगत असेल तर सोडून द्या.

या गटात मोजदाद प्रमाणाची असते. सत्तर जणांनी पाहिली आणि सात जणांनी पुढे पाठवली, तर ते सातशेतल्या सातांपेक्षा कितीतरी चांगलं. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये तीन मुख्य गोष्टी सांगितल्या: किती वेळ पाहिलं, पाहणाऱ्यांपैकी किती जणांनी लाइक केलं आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं. आपल्या फॉलोअरपर्यंत पोहोचायला लाइकचं वजन थोडं जास्त, तर अनोळखी माणसांपर्यंत जायला पाठवण्याचं.

डिलीट करून परत टाकणं

ही सगळ्यात महागडी चूक. एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जायला वेळ लागतो आणि मध्ये रील निपचित पडल्यासारखी दिसते. डिलीट केलीत की तोवर जमलेलं पाहणं जातं आणि ज्यांनी ती कुणाला पाठवली त्यांच्या चॅटमधूनही ती गायब होते. परत टाकलेली तीच रील नव्याने शून्यापासून सुरू होते, आणि दोष आत असेल तर तो तसाच राहतो. निदान तीन दिवस हात लावू नका. एक दिवस झाला की आकडे वाचा.

घरच्या ग्रुपवर लिंक टाकणं

आक्काने पहिल्या पाच मिनिटांत तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकली होती. काका, मामी, भाचे सगळ्यांनी उघडली, मायेने लाइक दिलं आणि दोन सेकंदांत बाहेर पडले. त्यांना भरीत कसं करायचं ते शिकायचंच नव्हतं. पण त्यांचे दोन-दोन सेकंद सरासरीत मिसळले आणि अनोळखी माणूस नक्की कुठे सोडून जातो, हे आक्काला वाचताच येईना. एकमेकांना फॉलो करून वाढवलेले फॉलोअर याहून वाईट, कारण ते कायम मागे राहतात आणि प्रत्येक नवी रील सरकवून पुढे जातात. घरच्यांना दाखवा, अवश्य दाखवा, पण दोन दिवसांनी.

परीक्षेला बसलीच नाही, हे न ओळखणं

कधी कधी रील अनोळखी लोकांपर्यंत जायलाच पात्र नसते. दुसऱ्या अ‍ॅपचा शिक्का असलेला व्हिडिओ, दुसऱ्याची उचललेली रील, तीन मिनिटांहून लांब रील, ही नेहमीची कारणं. ओळखायचं कसं? त्या रीलच्या आकडेवारीत फॉलोअर आणि फॉलोअर नसलेले असा वाटा दिसतो. दुसरा वाटा शून्याच्या आसपास अडकला असेल तर सेटिंगमध्ये Account Status उघडा. तुमचा मजकूर इतरांना सुचवला जातोय की नाही, ते तिथे दिसतं. आक्काचं सगळं ठीक होतं, म्हणजे दोष रीलमध्येच होता.

आलेख न वाचणं

आम्ही रात्री बसून तिची रील उघडली. लांबी ४८ सेकंद, सरासरी पाहणं ७ सेकंद. कोणत्या सेकंदाला किती जण टिकले हे दाखवणारी रेघ तिसऱ्या सेकंदालाच कड्यावरून कोसळली होती. तिथे काय होतं? आक्का उभी राहून नमस्कार करत होती, आज काय करणार ते सांगत होती. वांगं दिसायला विसावा सेकंद उजाडत होता.

रेघ सुरुवातीलाच कोसळली तर दोष सुरुवातीत असतो. हळूहळू उतरली तर मधला भाग लांबलेला असतो. शेवटपर्यंत टिकली पण पाठवणारे नाहीत, तर दुसऱ्याला द्यावंसं त्यात काही नाही. तीन दुखणी वेगळी, औषधंही वेगळी.

आक्काने पुन्हा शूट केलं. पहिल्याच सेकंदाला कपाशीच्या काड्यांच्या जाळात भाजलेलं हिरवं वांगं, बोटाने साल ओढताच आतून निघालेली वाफ, आणि लगेच बडगीत मिरची-लसूण ठेचल्याचा आवाज. बोलणं अहिराणीतच ठेवलं, ते तिचं बळ आहे, पण खाली मराठीत एक ओळ दिली. शब्द कळले नाहीत तर मुंबई-कोल्हापूरचा माणूस तिसऱ्या सेकंदाला सरकणारच. लांबी ३४ सेकंदांवर आणली.

ही रील तिने Trial म्हणून टाकली. डिसेंबर २०२४ मध्ये आलेली ही सोय छोट्या गटाची परीक्षा तुमच्याच हातात देते. रील फक्त फॉलोअर नसलेल्यांना दाखवली जाते, तुमच्या प्रोफाइलवर दिसत नाही. साधारण २४ तासांत आकडे कळतात. चालली तर सगळ्यांसाठी खुली करता येते, किंवा ७२ तासांत चांगली चालल्यास आपोआप खुली व्हावी असंही आधीच ठरवता येतं. त्यासाठी प्रोफेशनल अकाउंट लागतं, आणि सोय सुरू झाली तेव्हा किमान १००० फॉलोअरची अट होती. आक्काचे अकराशे होते, म्हणून जमलं.

इथेही एक चूक होते. Trial चे आकडे लोक नेहमीच्या रीलशी ताडून बघतात आणि हिरमुसतात. फॉलोअरच नाहीत म्हटल्यावर पाहणारे कमीच असणार. एका Trial ची तुलना दुसऱ्या Trial शीच करा.

दुसऱ्या दिवशी सरासरी १९ सेकंदांवर गेली होती. कडा संपला, रेघ सपाट झाली. पण पाठवलं फक्त दोघांनी. लोक आवडीने पाहत होते, पुढे देत नव्हते. मग तिसऱ्या वेळी आक्काने शेवटी पडद्यावर प्रमाण लिहिलं: एक किलो वांग्याला किती मिरच्या, किती लसूण, कांद्याची पात किती, शेंगदाणे कधी घालायचे. बाकी काही बदललं नाही, म्हणून फरक कशाने पडला ते समजलं. ही Trial पाठवणारे पहिल्याच दिवशी एकवीस निघाले. सुरतेत राहणाऱ्या एका बाईंनी खाली विचारलं, "काड्या नाहीत, गॅसवर भाजलं तर चालेल का?"

आक्का आता त्याच प्रश्नाची रील करतेय, आणि सुरुवात गॅसवरच्या वांग्यापासूनच ठेवलीय.