ट्रंकिंग मागवण्याआधी: भराव कप्प्यानिहाय मोजा

मागच्या वेळी मी एक बेरीज बरोबर केली आणि काम फसवलं. त्यामुळे ही यादी जरा एककल्लीच असणार. ट्रंकिंग म्हणजे केबल नेणारी झाकणाची चौकोनी नळी, आणि भराव म्हणजे तिच्या आतल्या जागेपैकी केबलींनी व्यापलेला भाग.

आधी केबलची मोजदाद. कोणत्या मार्गाने किती पॉवर, किती डेटा आणि किती फायर अलार्मच्या केबल जाणार, ते ड्रॉइंगवरून काढा. मग बाहेरचा व्यास बघा. ‘४ स्क्वेअर एमएम’ हे नुसत्या तांब्याचं माप आहे. इन्सुलेशन धरून त्या वायरचा व्यास साधारण ४.६ मिमी भरतो, म्हणजे जागा अडते जवळपास १६.६ चौरस मिमी, चौपटीहून जास्त. व्यास कॅटलॉगमधूनच घ्यायचा, अंदाजाने नाही. व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ हे एका केबलचं क्षेत्रफळ. गोल केबलींच्या मधे उरणाऱ्या फटींचा आणि ओढायला लागणाऱ्या मोकळ्या जागेचा हिशोब भरावाच्या ४५ टक्क्यांच्या मर्यादेत आधीच धरलेला असतो. ही मर्यादा ब्रिटिश पद्धतीतली. अमेरिकन कोड वायरवेला, म्हणजे तिथल्या ट्रंकिंगला, २० टक्केच देतो, तेव्हा आपल्या कामाला कोणता नियम लागू आहे ते आधी ठरवून घ्या.

आता माझी चूक. ट्रंकिंग १५० बाय ५०, आत दोन पार्टिशन, तीन सारखे कप्पे. पॉवरच्या २४ वायर मिळून ३९९ चौरस मिमी. डेटाच्या ६.२ मिमी व्यासाच्या ४८ कॅट ६ केबल मिळून १४४९. फायर अलार्मच्या ८.५ मिमीच्या ४ केबल मिळून २२७. एकूण २०७५. ट्रंकिंगचं क्षेत्रफळ ७५००. भराव २८ टक्के! मी खूश होऊन ऑर्डर दिली.

पण केबल त्या ७५०० मध्ये बसतच नाहीत, त्या आपापल्या कप्प्यात बसतात. डेटाचा कप्पा ५० बाय ५०, म्हणजे २५००. त्यात १४४९ म्हणजे ५८ टक्के. शेजारी फायर अलार्मचा कप्पा ९ टक्क्यांवर रिकामा. साइटवर व्हायचं तेच झालं. डेटाचं झाकण बसेना, पार्टिशन फुगलं, आणि कुणीतरी उरलेल्या दहाबारा कॅट ६ गुपचूप फायर अलार्मच्या कप्प्यात सरकवल्या. रिकामा कप्पा दिसला की हे होणारच. तपासणीत झाकण उघडल्यावर ते दिसलं आणि सगळं पुन्हा ओढावं लागलं. म्हणून भराव कप्प्यानिहाय मोजा. एकूण टक्केवारी कागदावर लिहूच नका, ती फसवते.

उपाय ऑर्डरच्या आधी फुकटात झाला असता. पार्टिशन सरकवायचं: डेटाला ८० मिमी, पॉवरला ४०, फायर अलार्मला ३०. डेटा ३६ टक्क्यांवर येतो, २० टक्के वाढीव केबल धरली तरी ४३. पॉवर २०, फायर अलार्म १५. ट्रंकिंग तेच. मात्र आतली खरी मापं घ्या. पत्र्याची जाडी आणि झाकणाची घडी काही मिलिमीटर खातात, आणि ४३ वरून ४५ ओलांडायला तेवढं पुरतं.

पॉवरचा कप्पा २० टक्केच भरलाय म्हणून निर्धास्त होऊ नका. जागा पुरली म्हणजे उष्णतेचा प्रश्न सुटला असं होत नाही. फेज, न्यूट्रल, अर्थ मिळून त्या २४ वायर म्हणजे ८ सर्किट. एकत्र असलेल्या वायर एकमेकींना तापवतात, म्हणून त्यांची करंटची क्षमता ग्रुपिंग फॅक्टरने गुणून कमी धरायची. एकत्र ८ सर्किट असतील तर आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय वायरिंग मानकाच्या तक्त्यात तो ०.५२ आहे. भिंतीवरच्या ट्रंकिंगमध्ये ४ स्क्वेअरची पीव्हीसी तांब्याची वायर ३० अंशांत ३२ अँपिअर धरते, म्हणजे उरले १६.६. १६ चा एमसीबी कसाबसा चालेल, २० चा नाही. तापमान जास्त असेल तर १६ चाही नाही. तेव्हा वायर मोठी घ्या, आणि मोठी घेतली की पुन्हा त्याच कप्प्याचा भराव मोजा. हो, पुन्हा.

केबल उघड्या ट्रेवरून नेत असाल तर त्यावरचा डिव्हायडर, म्हणजे पार्टिशन, सलग हवा. सरळ भागात असतो, टी-आकाराच्या जोडावर आणि वळणावर गायब होतो, आणि नेमकं तिथेच डेटा पॉवरवर लोळतो. मधल्या कप्प्यातून फाटा काढायचा असेल तर शेजारच्या कप्प्यावरून नेणारा पूल मागवा. तो नंतर मिळत नाही. त्या पुलाखालची उंची कमी होते, म्हणून तिथला कप्पाही वेगळा मोजा. कॅट ६ वळवताना त्रिज्या व्यासाच्या चौपट तरी ठेवा.

बाकी पटकन. धातूच्या पार्टिशनला अर्थिंग. फायर अलार्मच्या केबलला धातूचे क्लिप, प्लास्टिकचे आगीत वितळतात. भिंत ओलांडताना ट्रंकिंगच्या आतही फायर स्टॉपिंग, म्हणजे आग अडवणारा भराव नव्हे तर सील. झाकणावर लेबल. आणि ऑर्डरवर सही करण्याआधी तीन कप्प्यांचे तीन आकडे वेगवेगळे लिहिलेत का, ते बघा.