कॉर्डलेस ड्रिल घ्यायला निघण्याआधी: घरच्या दुरुस्तीची तयारी

दुकानात जाण्याआधी घराच्या भिंती बघून घ्या. परभणीतलं एखादं साधं घर घेऊ. पुढच्या खोल्या विटांच्या आणि सिमेंट प्लास्टरच्या, मागं जुनी मातीची जाड भिंत, चौकटी बाभळीच्या. कामं कोणती, तर खिडकीवर पडद्याचा रॉड, स्वयंपाकघरात फळी, दाराची सैल झालेली बिजागरी. या तिन्ही ठिकाणी मशीनकडून वेगवेगळं काम लागतं. डब्यावरच्या मोठ्या टॉर्कच्या आकड्यावरून त्यातलं फारसं काही कळत नाही.

टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर, तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. बिजागरीचा स्क्रू बाभळीत शिरवायला तो लागतो. पण कंपनी बहुधा 'हार्ड' टॉर्क ठळक छापते, म्हणजे कडक जोडावर क्षणभर मिळणारा जोर. लाकडात स्क्रू जाताना उपयोगी पडणारा 'सॉफ्ट' आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो आणि तो माहितीपत्रकात आत कुठंतरी सापडतो. 30 हार्ड आणि 15 सॉफ्टचं मशीन घरकामाला पुरतं. मात्र बाभूळ कडक असते, म्हणून आधी 3 मिमीचं भोक पाडून घ्यायचं, नाहीतर स्क्रूचं डोकं झिजतं किंवा चौकट तडकते. क्लचची रिंग, म्हणजे ठरावीक जोरानंतर पिळणं थांबवणारी आकड्यांची कडी, लहान आकड्यापासून वाढवत न्या. भोक पाडताना मात्र ती ड्रिलच्या खुणेवर हवी.

भिंतीचं गणित निराळं आहे. तिथं पिळण्यापेक्षा ठोका महत्त्वाचा, म्हणून मशीनवर हातोडीची खूण असलेला हॅमर मोड आहे ना, हे आधी बघा. विटेसाठी तो पुरतो. पडद्याचा रॉड मात्र बरेचदा नेमका खिडकीवरच्या काँक्रीटच्या लिंटलमध्ये येतो. भुकटीवर लक्ष ठेवा: आधी प्लास्टरची राखाडी, मग लाल आली तर वीट आहे. राखाडीच येत राहिली आणि बिट पुढं सरकेना, तर काँक्रीट. अशा वेळी मशीनवर अंग टाकून दाबू नका, बिटचं टोक तापून बोथट होतं आणि बॅटरीही उतरते. त्या दोन-चार भोकांसाठी एसडीएस बिटचं रोटरी हॅमर भाड्यानं आणा, किंवा ब्रॅकेट लिंटलच्या बाजूला विटेत सरकवा. काळ्या दगडाच्या भिंतीलाही तेच मशीन लागतं.

विटेतलं भोक असं: 6 मिमीचा बिट, 6 मिमीचा प्लास्टिक प्लग, आठ नंबरचा दोन इंची स्क्रू. प्लास्टर 12 ते 15 मिमी असतं आणि प्लग त्याच्या मागं, विटेत बसला पाहिजे. म्हणून बिटवर 55 मिमीवर चिकटपट्टी लावून तिथपर्यंतच जा आणि भुकटी फुंकून काढा. प्लग प्लास्टरमध्येच राहिला तर पडदा ओढताच ब्रॅकेट खपलीसकट हातात येतं. मातीच्या भिंतीत प्लग धरतच नाही. तिथं रुंद भोक पाडून लाकडी खुंटी ठोकायची आणि स्क्रू खुंटीत घ्यायचा.

बॅटरीवरच्या व्होल्टच्या आकड्यानं फसू नका. लिथियमचा एक सेल सरासरी 3.6 व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर 4.2 चा. पाच सेलच्या पॅकला कुणी 18 लिहितं, कुणी 20 मॅक्स, कुणी 21, पॅक मात्र एकाच ताकदीचा. त्याच आकाराच्या हलक्या पॅकवर 48 वगैरे दिसलं तर वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत एकूण मावणारी वीज, विचारा: 18 व्होल्ट गुणिले 2 अँपिअर-अवर म्हणजे 36. परभणीतल्या त्या घराला तीन सेलचं 12 व्होल्टचं मशीनही चालेल, हातात हलकं पडतं. दगडी घर असेल, पुढं ग्राइंडर घ्यायचा असेल, तर 18 च घ्या.

आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बहुतेक बॅटऱ्यांची चार्जिंगची मर्यादा 40 ते 45 अंशांच्या आसपास असते, आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी तेवढं सहज होतं. तेव्हा चार्जिंग पहाटे करा. काम करून तापलेली बॅटरी लगेच लावू नका. ती गाडीतही सोडू नका. महिनोन्महिने काम नसेल तर निम्मी भरून गार कपाटात ठेवा.

ब्रँड निवडणं म्हणजे खरं तर बॅटरी निवडणं. बॉश, मकिता, डिवॉल्ट, स्टॅनली, इंगको यांच्या बॅटऱ्या एकमेकींत बसत नाहीत, त्यामुळं पहिलं मशीनच पुढचं ठरवतं. सुटी बॅटरी आणि चार्जर मिळतो का, सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे की संभाजीनगरला किंवा त्याहून लांब जावं लागेल, हे विचारूनच पैसे द्या.

हातची अवजारं थोडीच, पण बरी घ्या. आठ इंची पक्कड, दहा इंची ॲडजस्टेबल पाना, हातोडी, टेप, पाणसळ, टेस्टर. नाशिकमध्ये कारखाना असलेल्या टपारियाचे पक्कड-पाने सगळीकडे मिळतात. प्लस डोक्याचा स्क्रू ड्रायव्हर दोन नंबरचा घ्या, आठ नंबरच्या स्क्रूला तोच बसतो. दुकानातून निघताना चकमध्ये बिट आवळून मशीन हळू फिरवा. टोक डोळ्याला डगमगताना दिसलं, तर बदलून मागा आणि बिलावर मशीनचा नंबर लिहून घ्या.