सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर किंवा रिमोट शोधताय? या चुका टाळा

रिमोट किंवा अडॅप्टर हवा असला की लोक मला बॉक्सच्या समोरच्या बाजूचा फोटो पाठवतात. काळी काच, त्यावर कंपनीचं नाव आणि एक लाल दिवा. त्यावरून तुम्ही रिचार्ज कोणाचा करता एवढंच कळतं. एकाच कंपनीचे साधे, एचडी, रेकॉर्डिंगवाले आणि अँड्रॉइड असे वेगवेगळे बॉक्स असतात. केबलवाल्यांकडे तर नाव एकच असतं आणि बॉक्स मात्र वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेले असतात. समोरून जुळे दिसणारे दोन बॉक्स एकाच रिमोटवर चालतीलच असं नाही.

मला तीन फोटो लागतात: बॉक्सच्या तळाचं स्टिकर, मागची बाजू आणि जुना अडॅप्टर किंवा रिमोट असेल तर त्याचा. आधी प्लग काढा, बॉक्स उलटा करा, स्टिकर कोरड्या फडक्यानं पुसा आणि फ्लॅश बंद ठेवून खिडकीच्या उजेडात फोटो घ्या. फ्लॅश चंदेरी स्टिकरवर चमकतो आणि नेमकी हवी तीच ओळ पांढरी होते.

स्टिकरवर आकड्यांची गर्दी असते. त्यात ‘मॉडेल’ असं लिहिलेली ओळ कामाची. बरेच जण बारकोडखालचा लांबलचक नंबर कळवतात. तो सीरियल नंबर किंवा कार्ड नंबर असतो. त्यावरून रिमोट सापडत नाही, आणि तो तुमच्या कनेक्शनशी जोडलेला असतो. फोटो पाठवताना त्यावर बोट ठेवा.

मागच्या बाजूनं अर्धं काम होतं. अँटेनाच्या जागी ‘एलएनबी’ किंवा ‘सॅट’ लिहिलं असेल तर बॉक्स छत्रीचा, म्हणजे डिश अँटेनाचा. ‘केबल’ लिहिलं असेल तर केबलचा. गोल, बारीक पिनेची जागा दिसली तर अडॅप्टर बाहेरचा आहे. भिंतीतली दोन पिनांची वायर थेट बॉक्समध्ये जात असेल तर वीजपुरवठा आतच आहे आणि बाजारात अडॅप्टर शोधण्यात अर्थ नाही. तो बॉक्स दुरुस्तीला द्यावा. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही झटका देण्याइतकी वीज राहू शकते, त्यामुळे तो घरी उघडू नका.

आता ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो ती: पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालला, हा समज.

इंदूरमध्ये लोकमान्यनगरातल्या एका काकूंकडे पावसाळ्यात वीज कडाडली आणि छत्रीच्या बॉक्सचा अडॅप्टर गेला. भाच्यानं कपाटातला जुन्या वायफाय राउटरचा अडॅप्टर आणून लावला. पिन बसली, दिवा लागला, चित्र आलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र काही चॅनल नीट चालायचे आणि काही लावले की बॉक्स बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. भाचा म्हणाला, छत्री हलली असणार. माणूस बोलावून छत्री नीट करून घेतली. फरक नाही. मग छत्रीवरचा सिग्नल पकडणारा भाग, एलएनबी, नवीन बसवला. तरी तेच. मग रिमोटचं बटण अडकत असेल म्हणून रिमोट घेतला. काकूंचे बरेच पैसे गेल्यावर माझ्याकडे बॉक्सच्या समोरचा फोटो आला.

मी तळाचं स्टिकर मागवलं. त्यावर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर. लावलेल्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर. मग काकूंना सांगितलं: प्लग काढा, छत्रीची वायर मागून सोडवा आणि फक्त बॉक्स चालू करा. बॉक्स ‘सिग्नल नाही’ असं दाखवत निवांत उभा राहिला. एकदाही बंद पडला नाही. प्लग काढून वायर परत जोडली, बॉक्स चालू केला, आणि त्याच ठरावीक चॅनलांवर पुन्हा तेच.

छत्रीवरच्या एलएनबीला वीज बॉक्सच पाठवतो, त्याच वायरीतून. काही चॅनलांसाठी सुमारे १३ व्होल्ट, काहींसाठी सुमारे १८. एलएनबी समजा ०.१५ अँपिअर ओढत असेल, तर १८ व्होल्टला ते २.७ वॅट होतात. शिवाय १२ चे १८ करताना थोडी वीज वाया जाते. बॉक्सचा स्वतःचा खर्च निराळा. एक अँपिअरचा अडॅप्टर फार तर १२ वॅट देणार. स्टिकर १८ वॅटची सोय मागतं. भार वाढला की व्होल्टेज खाली येतं आणि बॉक्स रिस्टार्ट होतो. म्हणून दोष ‘ठरावीक चॅनल’चा दिसतो आणि माणूस छतावर चढतो.

काकूंसाठी १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर घेतला आणि बॉक्स सुरळीत झाला. व्होल्ट स्टिकरवर असेल तितकेच हवेत. अँपिअर तितके किंवा जास्त चालतात, कारण बॉक्स लागेल तेवढीच वीज ओढतो. ‘दोन अँपिअरनं बॉक्स जळेल’ असं सांगणारा दुकानदार चुकीचं सांगतो. ‘पाचच्या जागी नऊ व्होल्ट चालून जातील’ म्हणणाऱ्याच्या दुकानातून मात्र लगेच बाहेर पडा.

मल्टिमीटरवर १२ दिसतात म्हणून अडॅप्टर चांगला, हेही खरं नाही. मोकळ्या अडॅप्टरवर १२ सहज दिसतात. आतला कपॅसिटर सुकला असेल तर ते भाराखाली कोसळतात. मी नेहमी बॉक्स चालू ठेवून, किंवा तेवढाच भार लावून मोजतो.

पिनेचं मापही डोळ्यानं कळत नाही. बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या पिना सारख्याच दिसतात, पण आतलं भोक २.१ किंवा २.५ चं असतं. २.१ ची पिन बॉक्सच्या सॉकेटमधल्या जाड खुंटीवर बसतच नाही. २.५ ची पिन बारीक खुंटीवर सैल बसते आणि हात लागला की बॉक्स बंद पडतो. कागद गुंडाळून घट्ट करू नका. तिथे ठिणगी पडून सॉकेट जळतं. जुना अडॅप्टर नसेल तर बॉक्सच घेऊन इंदूरच्या जेल रोड किंवा महाराणी रोडला जा आणि पिन लावून बघा. आधी धन-ऋणाची खूण जुळवा: वर्तुळातल्या मधल्या टिंबाला जोडलेलं चिन्ह बॉक्सवर आणि अडॅप्टरवर एकच हवं. ‘आउटपुट’पुढे नागमोडी रेघ असेल तर तो अडॅप्टर एसी देतो, डीसीच्या बॉक्सला लावू नका.

रिमोट घेण्याआधी जुना खरंच मेलाय का ते पाहा. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बहुतेक फोनमध्ये जांभळट ठिपका लुकलुकतो. तो दिसला तर रिमोट किरण सोडतोय; दोष बॉक्समध्ये किंवा चुकीच्या रिमोटमध्ये. ठिपका दिसला नाही तर आधी सेल बदला आणि स्प्रिंगवरचा हिरवट थर खरवडा. अँड्रॉइड बॉक्सचे काही रिमोट ब्लूटूथचे असतात. त्यात बऱ्याच बटणांना ठिपका दिसतच नाही आणि नवा रिमोट आधी जोडून घ्यावा लागतो.

‘लर्निंग’ रिमोट घ्यायचा विचार असेल तर तो दुसऱ्या चालू रिमोटकडून खुणा शिकतो, हे लक्षात घ्या. तुमचा मूळ रिमोट मेलाय, मग शिकणार कोणाकडून? शेजाऱ्याकडे तुमच्याच मॉडेलचा बॉक्स असेल तर त्याचा रिमोट मागून आणा. आधी तो तुमच्या बॉक्सवर चालवून बघा आणि मगच बटणं शिकवा.