लेखी कैफियत देताना या चुका टाळा: नुसतं 'मान्य व कबूल नाही' लिहून भागत नाही

कैफियत म्हणजे दाव्याला प्रतिवादीने कोर्टात दिलेलं लेखी उत्तर. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत ती द्यायची, कोर्टाने कारण बघून मुदत वाढवली तर ९० पर्यंत, आणि साध्या दाव्यात त्यानंतरही कधीकधी विलंब माफ होतो. कमर्शियल दाव्यात मात्र १२० दिवस झाले की विषय संपला. पण खरं नुकसान उशिरापेक्षा कैफियतीतल्या वाक्यांनी होतं.

एक काल्पनिक केस घेऊ. सिमेंट-स्टीलच्या दुकानदाराने एका छोट्या कॉन्ट्रॅक्टरवर १० जून २०२५ ला २,८०,००० चा दावा लावला. म्हणणं असं की १२ मार्च २०२३ ला एवढ्या रकमेचा माल पोच केला, चलनावर सही आहे. कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं, माल २,१०,००० चाच आला, त्यातले ५०,००० मी दिलेत, शिवाय या दुकानदाराला मी २० जुलै २०२२ ला ६०,००० हातउसने ट्रान्सफर केलेत ते अजून परत नाहीत, आणि सिमेंट खराब निघाल्यामुळे स्लॅब दुरुस्तीला १,२०,००० गेले.

आता नेहमीची कैफियत बघा. 'कलम ४ मधील मजकूर खोटा व लबाडीचा असून या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही', आणि हेच दाव्यातल्या प्रत्येक कलमाला, म्हणजे परिच्छेदाला, चिकटवलेलं. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर ८ चे रूल ३, ४, ५ नेमकं हेच चालत नाही म्हणतात. प्रत्येक गोष्ट वेगळी नाकारावी लागते, मोघम नकार दिला तर कोर्ट ती कबूल धरू शकतं. '१२ मार्चला २,८०,००० चा माल मिळाला नाही' असं लिहिलं तर वाचणारा विचारणार, मग १४ तारखेला मिळाला का, की २,७०,००० चा मिळाला? 'याबाबत माहिती नाही' हाही नकार नव्हे, सुप्रीम कोर्टाने हे फार पूर्वीच सांगून ठेवलंय. लिहायचं असं: माल आला पण २,१०,००० चाच, उरलेला ७०,००० चा माल कधीच आला नाही, आणि त्या चलनावरची सही माझी किंवा माझ्या माणसाची नाही (खरंच नसेल तरच हं, खाली सत्यापनावर सही तुमचीच असते).

आणि २,१०,००० कबूल केलेत तर त्याच कलमात ५०,००० कधी, कसे दिले तेही लिहा. नाहीतर वादी ऑर्डर १२ रूल ६ खाली अर्ज करतो की कबुली आलीये, तेवढ्याचा निकाल आत्ताच द्या. एकदा दिलेली कबुली नंतर दुरुस्ती अर्जाने मागे घेणं जवळजवळ अशक्य.

हे ५०,००० बरेच जण वजावटीत टाकतात, ते चूक. त्याच बिलापोटी दिलेले पैसे म्हणजे फेड, त्यावर कोर्ट फी लागत नाही. वजावट म्हणजे वादीकडून तुम्हाला वेगळी येणं असलेली ठराविक रक्कम, इथे ते ६०,०००. वजावटीला कोर्ट फी लागते, दावा पैशाचाच असावा लागतो आणि देणारा-घेणारा त्याच नात्याने असावा लागतो, म्हणजे ट्रान्सफर दुकानदाराच्या भावाच्या खात्यावर झाली असेल तर ती इथे वजा होत नाही.

खरी गंमत मुदतीत आहे. उसन्याची मुदत ३ वर्षं, म्हणजे २० जुलै २०२५ ला संपली. समजा कैफियत ५ सप्टेंबरला दिली. मुदत कायद्याच्या कलम ३ प्रमाणे वजावट ही दावा दाखल झाला त्याच दिवशी मागितली असं धरतात, म्हणजे १० जून, त्यामुळे मुदतीत. पण प्रतिदावा, म्हणजे त्याच दाव्यात प्रतिवादीने वादीवर उलट लावलेला दावा, तो कोर्टात दिला त्या दिवशी लावला असं धरतात, म्हणजे ५ सप्टेंबर, मुदतबाह्य! तेच ६०,००० 'प्रतिदावा' या हेडिंगखाली टाकले की गेले, 'वजावट' म्हटलं की वाचले. मग हिशोब असा की २,१०,००० वजा ५०,००० वजा ६०,०००, राहिले १,००,०००.

स्लॅबचे १,२०,००० मात्र वजावटीत साधारण बसत नाहीत, कारण ती नुकसानभरपाई आहे, किती ते कोर्टाने अजून ठरवायचंय. ते प्रतिदाव्यात घ्या, वेगळं हेडिंग, दाव्याचं कारण कधी घडलं ती तारीख, कोर्ट फी आणि स्वतंत्र मागणी. नुसतं 'माझंही नुकसान झालं' असं मधल्या एखाद्या कलमात लिहिलं तर त्याला कोणी प्रतिदावा म्हणत नाही. दाव्याचं कारण कैफियत देण्याआधी किंवा ती देण्याची मुदत संपण्याआधी घडलेलं लागतं. प्रतिदावा कैफियतीसोबतच द्यावा, मागाहून द्यायचा तर कोर्टाने वादाचे मुद्दे काढायच्या आत, कारण २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की त्यानंतर तो घेता येत नाही. आणि एकदा नीट दिला की उद्या दुकानदाराने दावा काढून घेतला तरी तुमचा प्रतिदावा चालूच राहतो.